व्हिडिओत बग दिसतो, पण आपल्या फोनवर येत नाही: स्क्रीन रेकॉर्डिंगवरून स्टेप्स कशा काढायच्या

तक्रार नेहमी एकाच रूपात येते. वापरकर्त्याने फोनच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवलेलं असतं, त्यात बग उघड दिसतो. आपण व्हिडिओ बघून पाच-सहा स्टेप्स लिहितो, त्या आपल्या फोनवर करून बघतो आणि सगळं व्यवस्थित चालतं. मग तिकिटावर ‘आमच्याकडे येत नाही’ असा शेरा पडतो. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचा तसाच व्हिडिओ येतो आणि पुन्हा तेच.

मी बरीच वर्षं मोबाइल अ‍ॅप्सचं टेस्टिंग करतोय. माझ्या अनुभवात अशा वेळी व्हिडिओत पुरेशी माहिती नसते असं क्वचितच होतं. बहुतेकदा आपण तो गोष्ट बघावी तसा बघितलेला असतो: ‘त्याने आकडा बदलला, सेव्ह केलं, मागे गेला, आकडा जुनाच होता.’ यातला प्रत्येक शब्द आपला अर्थ आहे, व्हिडिओत दिसलेली घटना नाही. ‘मागे गेला’ म्हणजे वरचा बाण दाबून गेला की कडेवरून बोट सरकवून? ‘सेव्ह केलं’ आणि ‘मागे गेला’ यांच्यात किती वेळ गेला? ‘जुनाच होता’ की नवा दिसून मग जुना झाला? बग बहुधा याच फटीत असतो.

खालचं सगळं प्रामुख्याने अँड्रॉइडच्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. आयफोनचं वेगळं जिथे आहे तिथे सांगतो.

आधी फाइल नीट मिळवा

व्हिडिओ चॅट अ‍ॅपमधून ‘व्हिडिओ’ म्हणून आला असेल तर तो वाटेत पुन्हा कॉम्प्रेस झालेला असतो. बारीक अक्षरं पुसट होतात, स्टेटस बारमधली चिन्हं ओळखू येत नाहीत, फ्रेम्स गळतात आणि फाइलचं मूळ नावही जातं. त्या नावात बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ असते, ती आपल्याला पुढे लागते. म्हणून वापरकर्त्याला तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा मेलला जोडून पाठवायला सांगा. स्क्रीनचा वरचा पट्टा कापू नका, हेही सांगा. लोक नीटनेटकं दिसावं म्हणून तोच आधी कापतात, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

वेळ फ्रेम मोजून काढू नका

इथे मी स्वतः बराच काळ चुकत होतो. अँड्रॉइडची बहुतेक रेकॉर्डिंग्ज ठरावीक वेगाची नसतात. स्क्रीनवर काही बदललं तरच नवी फ्रेम लिहिली जाते. काहीच हललं नाही तर दोन-तीन सेकंद एकही फ्रेम नसते, आणि यादी सरकत असेल तर एका सेकंदात साठपर्यंत फ्रेम्स असतात. त्यामुळे ‘शंभरावी फ्रेम, तीसने भागलं, म्हणजे ३.३ सेकंद’ हा हिशेब खोटा ठरतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर ते बऱ्याचदा तिला ठरावीक वेगात बसवतं आणि मूळ वेळा हरवतात.

प्रत्येक फ्रेमची खरी वेळ फाइलमध्येच लिहिलेली असते. ती अशी काढा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 bug.mp4
```

आणि संशयाच्या तुकड्यातल्या फ्रेम्स चित्रं म्हणून वेगळ्या काढायच्या असतील तर:

```
ffmpeg -ss 15 -t 6 -i bug.mp4 -fps_mode passthrough f_%04d.png
```

`passthrough` विसरू नका. ते नसलं तर ffmpeg रिकाम्या जागा भरायला त्याच फ्रेमच्या नकला काढतं आणि चित्रांच्या क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. जुन्या आवृत्तीत `-fps_mode` चालत नाही, तिथे `-vsync passthrough` लिहावं लागतं. नुसतं बघायचं असेल तर `mpv` मध्ये पूर्णविरामाची कळ एक फ्रेम पुढे नेते आणि स्वल्पविरामाची मागे.

बोट दिसत नाही, मग बोटाचे ठसे शोधा

वापरकर्त्याने रेकॉर्डिंग सुरू करताना ‘स्पर्श दाखवा’ हा पर्याय चालू केला असेल तर काम सोपं, प्रत्येक स्पर्शाला ठिपका दिसतो. पण तो कुणी क्वचितच चालू करतं. मग स्पर्श परिणामांवरून ओळखावा लागतो.

बटण दाबल्यावर स्पर्शाच्या जागेपासून फिकट वर्तुळ पसरतं, रिपल. पहिल्या फ्रेममध्ये त्याचा मध्य कुठे आहे यावरून बोट कुठे टेकलं ते कळतं. एकाच बटणावर लागोपाठ दोन वर्तुळं उमटली तर दोनदा दाबलंय. मात्र वर्तुळ उमटलं म्हणजे क्लिक झालंच असं धरू नका. बोट टेकवून बाजूला सरकवून उचललं तरीही ते उमटतं. आणखी एक सापळा म्हणजे वर्तुळ पूर्ण पसरून विरलं, म्हणून अ‍ॅप अडकलं नव्हतं असा निष्कर्ष काढणं. रिपलचं ॲनिमेशन वेगळ्या थ्रेडवर चालतं. मुख्य थ्रेड अडकलेला असतानाही ते शांतपणे पूर्ण होऊ शकतं.

मागे जाण्याचे मार्ग वेगवेगळे दिसतात. जेश्चरने गेले तर कडेला छोटा बाण उगवतो. तीन बटणांच्या पट्टीवर गेले तर त्या बटणाभोवती झळक दिसते. अ‍ॅपच्या वरच्या बाणाने गेले तर तिथे रिपल. यातलं काहीच नसेल तर अ‍ॅप स्वतःहून मागे गेलंय, आणि ती फार महत्त्वाची गोष्ट आहे. कीबोर्ड उघडा असताना पहिलं ‘मागे’ फक्त कीबोर्ड बंद करतं, म्हणून कडेचे बाण मोजा.

मजकूर एकेक अक्षराने वाढला की एका फ्रेममध्ये पूर्ण शब्द आला तेही बघा. पूर्ण शब्द एकदम आला तर तो कीबोर्डच्या सुचवणीतून किंवा पेस्टमधून आलाय. पेस्टबरोबर कधीकधी शेवटी मोकळी जागा येते आणि टेस्टर हाताने टाइप करतो तेव्हा ती नसते. फक्त या एका फरकामुळे न सापडलेले बग मी पाहिलेत.

आता एक केस शेवटपर्यंत

साठ्याच्या नोंदी ठेवणारं एक अ‍ॅप. तक्रार अशी: ‘वस्तूची संख्या ५ ची १२ केली, सेव्ह केलं, तरी ५ च राहते. कधीकधी नंतर आपोआप १२ होते.’ सोबत ४१ सेकंदांचा व्हिडिओ. आमच्या पहिल्या टेस्टरने लिहिलेल्या स्टेप्स: वस्तू उघडा, संख्या १२ करा, सेव्ह दाबा, मागे जा, यादीत ५ दिसते. चार फोनवर करून पाहिलं, चारही ठिकाणी १२ दिसली.

मी व्हिडिओ घेतला तेव्हा आधी ज्या क्षणी बग दिसतो तो क्षण शोधला आणि तिथून उलटं मागे गेलो. सुरुवातीपासून बघितलं की डोळा गोष्टीच्या ओघात जातो. उलटं गेलं की प्रत्येक बदलाला ‘हा कशामुळे?’ असं विचारावं लागतं.

पहिल्याच पावलावर तक्रारीतलं वाक्य चुकीचं ठरलं. यादीत ५ ‘राहिलेली’ नव्हतीच. १७.८ सेकंदाला यादी उघडली तेव्हा तिथे १२ होती. १९.६ ला ती ५ झाली. मधले १.८ सेकंद १२ स्पष्ट दिसत होती, पण वापरकर्त्याचं बोट आणि आमचे डोळे तोवर दुसरीकडे होते. म्हणजे बग ‘सेव्ह होत नाही’ हा नसून ‘सेव्ह झालेलं कुणीतरी पुसतं’ हा होता. हे कळलं आणि शोधण्याची दिशाच बदलली.

मग आणखी मागे. ffprobe च्या यादीतला हा भाग बघा. लागोपाठच्या हालचालीत फक्त पहिली फ्रेम ठेवलीय आणि आकडे तीन स्थळांपर्यंत छाटलेत:

```
14.911
15.412
15.911
16.108
16.412
16.803
17.506
17.811
19.604
```

१४.९११ ला ‘२’ हा शेवटचा अंक उमटला. त्यानंतर १५.४१२, १५.९११, १६.४१२ या वेळा साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने आहेत. तो कर्सर आहे. अँड्रॉइडच्या नेहमीच्या मजकुराच्या चौकटीत कर्सर अर्ध्या सेकंदाने लुकलुकतो आणि प्रत्येक लुकलुक एक फ्रेम लिहिते. मला हा कर्सर फार उपयोगी वाटतो, कारण तो मुख्य थ्रेडवर चालतो. लुकलुक नियमित असेल तर अ‍ॅप त्या काळात जिवंत होतं. कर्सर मध्येच थांबला तर थ्रेड अडकलाय किंवा चौकटीचा फोकस गेलाय. आमच्यातल्या एकाचा अंदाज होता की सेव्हच्या आधीच अ‍ॅप अडकत असावं. कर्सरने तो अंदाज तिथेच संपवला.

पुढे १७.८ ते १९.६ मध्ये एकही फ्रेम नाही. इथे मात्र ‘अ‍ॅप अडकलं’ म्हणता येत नाही, कारण यादीच्या पानावर हलणारं काहीच नव्हतं. फिरतं चक्र नाही, कर्सर नाही. रिकाम्या जागेला अर्थ तेव्हाच असतो जेव्हा त्या जागी काहीतरी हलायला हवं होतं.

सेव्हच्या आधी कर्सरच्या तालात न बसणारी एकच वेळ उरते, १६.१०८. ती फ्रेम मोठी करून बघितली. अ‍ॅपमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. वरच्या पट्ट्यातलं वाय-फायचं चिन्ह गेलं होतं. मोबाइल डेटाचं चिन्ह १७.३ च्या सुमारास उगवलं. वरच्या छाटलेल्या यादीत ही १७.३ ची फ्रेम सेव्हच्या रिपलनंतरच्या हालचालीत मिसळून गेलीय, चित्रं काढून बघितल्यावरच सापडली. वापरकर्ता बहुधा चालत वाय-फायच्या टप्प्याबाहेर जात होता.

१६.८०३ ला सेव्हवर रिपल, लगेच कीबोर्ड खाली. १७.५०६ ला डाव्या कडेला बाण, म्हणजे जेश्चरने मागे. सेव्ह आणि मागे यांत ०.७ सेकंद. आमचा टेस्टर दोन-तीन सेकंद थांबून, वरचा बाण दाबून मागे जात होता. आम्ही कोड उघडला तेव्हा दिसलं की वरचा बाण सेव्हच्या उत्तरासाठी थांबतो आणि जेश्चर थांबत नाही. शेवटी ३१ व्या सेकंदाला वापरकर्त्याने यादी खाली ओढून ताजी केली आणि १२ परत आली.

सर्व्हरच्या नोंदींशी जुळवणं

आता अंदाज तयार होता: सेव्हची विनंती नेटवर्क नसलेल्या फटीत पडली, यादीची विनंती फट संपल्यावर गेली. पण व्हिडिओ सर्व्हरवर काय झालं ते दाखवत नाही. त्यासाठी व्हिडिओची वेळ घड्याळाशी जोडावी लागते, आणि स्टेटस बारमधलं घड्याळ मिनिट बदलतं तो क्षण त्यासाठी सर्वात भरवशाचा. या व्हिडिओत ९.४ सेकंदाला १०:४१ चं १०:४२ झालं. म्हणजे सेव्हचा क्षण १६.८ वजा ९.४, अर्थात १०:४२ वाजून ७.४ सेकंद. फाइलच्या आत लिहिलेल्या निर्मितीच्या वेळेवर मी विसंबत नाही. ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची आहे की शेवटची हे फोनगणिक पडताळावं लागतं, आणि फाइल इकडून तिकडे जाताना ती बदलूही शकते. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसीत असतात हे लक्षात ठेवा, आणि फोनचं घड्याळ एखाद-दुसरा सेकंद इकडेतिकडे असू शकतं म्हणून सेकंदाच्या अंशावर वाद घालू नका.

नोंदींमध्ये त्या वापरकर्त्याची यादीची विनंती १०:४२:०९ ला आलेली सापडली. सेव्हची विनंती त्याच्या आधी यायला हवी होती, ती आली १०:४२:१८ ला. अ‍ॅपच्या कोडमध्ये फसलेल्या विनंतीला दहा सेकंदांनी पुन्हा पाठवण्याचा नियम होता. ७.४ मध्ये दहा मिळवले की हिशेब बसतो. पहिला प्रयत्न सर्व्हरपर्यंत पोचलाच नव्हता. मधल्या काळात यादीने सर्व्हरवरची जुनी ५ आणली आणि फोनमधल्या १२ वर लिहून टाकली.

‘कधीकधी आपोआप १२ होते’ हे वाक्यही इथे सुटलं. वापरकर्ता खरंच बोलत होता.

पुन्हा घडवून बघणं

अंदाज कितीही पटला तरी बग आपल्या हातात यायला हवा. हाताने ०.७ सेकंद साधत नाही, म्हणून हे:

```
adb shell "svc wifi disable; sleep 0.5; input tap 540 1980; input keyevent KEYCODE_BACK"
```

फोन यूएसबीने जोडलेला, मोबाइल डेटा चालू, संख्या आधीच १२ टाइप केलेली. बटणाची जागा डेव्हलपर पर्यायांतल्या पॉइंटर लोकेशनने मिळते. एक अडचण आहे: `input` ही आज्ञा सुरू व्हायलाच थोडा वेळ घेते आणि तो प्रत्येक फोनवर वेगळा असतो. `sleep` मध्ये लिहिलेला आकडा म्हणजे प्रत्यक्षातलं अंतर नव्हे. म्हणून आपल्या प्रयत्नाचंही रेकॉर्डिंग करा आणि त्याच ffprobe ने अंतर मोजा. आमच्या पहिल्या काही प्रयत्नांत मोबाइल डेटा जोडला गेल्यावर सेव्ह दाबलं जात होतं आणि बग येत नव्हता. `sleep` कमी केल्यावर तो आला, आणि मग बहुतेक वेळा येत राहिला.

तिकिटावर गेलेल्या स्टेप्स मग अशा होत्या: फोन वाय-फायवर, मोबाइल डेटाही चालू. वस्तू उघडून संख्या ५ ची १२ करा. वाय-फाय तोडा आणि मोबाइल डेटाचं चिन्ह येण्याआधी सेव्ह दाबा. एका सेकंदाच्या आत कडेच्या जेश्चरने मागे या, वरच्या बाणाने नाही. यादीत १२ दिसेल आणि दोनेक सेकंदांत तिची ५ होईल. साधारण दहा सेकंदांनी यादी ओढून ताजी केली की १२ परत येईल.

डेव्हलपरने दुरुस्ती यादीच्या बाजूने केली: ज्या नोंदीचा बदल अजून सर्व्हरवर पोचायचा आहे तिच्यावर सर्व्हरची प्रत लिहायची नाही. जेश्चरलाही थांबायला लावावं असा एक प्रस्ताव होता, मी त्याला विरोध केला. त्याने लक्षण दबलं असतं, पण अ‍ॅप मध्येच बंद पडलं तर तोच बग पुन्हा आला असता.

व्हिडिओ कमी पडतो तेव्हा

काही गोष्टी कितीही फ्रेम्स काढल्या तरी मिळत नाहीत. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी अ‍ॅप कोणत्या स्थितीत होतं हे त्यातलं पहिलं. थोडा माग मात्र लागतो: अ‍ॅप उघडताना सुरुवातीचा लोगो दिसला तर ते बहुधा नव्याने सुरू झालं, आधीचं पान थेट उघडलं तर ते मागे जिवंत होतं.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगचीच. अ‍ॅप उघडं असताना रेकॉर्डिंग सुरू केलं की परवानगीची खिडकी अ‍ॅपच्या वर येते आणि काही फोनवर अ‍ॅप क्षणभर पॉज होतं. परत आल्यावर काही अ‍ॅप्स तेवढ्यावरून माहिती पुन्हा मागवतात. म्हणजे व्हिडिओतला बग रेकॉर्डिंगमुळे आलेला असू शकतो, किंवा रेकॉर्डिंग लावल्यामुळे गायबही होऊ शकतो. वापरकर्ता म्हणत असेल की ‘व्हिडिओ काढायला गेलो की होत नाही’, तर त्याच्यावर शंका घेऊ नका, आधी या पॉजकडे बघा.

तिसरी, मध्येच काळी पडणारी स्क्रीन. तो बहुधा बग नसतो. पासवर्ड किंवा पैशांच्या पानांवर अ‍ॅपने रेकॉर्डिंगला मनाई केलेली असते आणि तिथे काळी फ्रेम येते. तेवढ्या भागाच्या स्टेप्स वापरकर्त्यालाच विचाराव्या लागतात.

दुसरा व्हिडिओ मागायचाच असेल तर ‘पुन्हा पाठवा’ एवढंच लिहू नका. मी हे लिहितो: ‘आधी अ‍ॅप पूर्ण बंद करा. रेकॉर्डिंग सुरू करताना स्पर्श दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा. होम स्क्रीनवरून अ‍ॅप उघडा. घड्याळाचं मिनिट एकदा बदलेपर्यंत रेकॉर्डिंग चालू राहू द्या. नेहमी जसं आणि जितक्या वेगाने करता तसंच करा, आमच्यासाठी सावकाश करू नका.’ आयफोनवर रेकॉर्डिंगमध्ये स्पर्श दाखवण्याची सोय नाही. तिथे कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरून मायक्रोफोन चालू करायला सांगतो, आणि काय दाबताय ते बोलत राहा म्हणतो. ‘सावकाश करू नका’ हे वाक्य मी वरच्या केसनंतर घातलं. तो वापरकर्ता आमच्यासाठी थांबून थांबून करत बसला असता, तर ०.७ सेकंदाचं अंतर व्हिडिओत आलंच नसतं.